ग्राहक खूश, पण अभिप्राय फक्त ‘खूप छान सर्व्हिस’: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

छोटा व्यवसाय करणाऱ्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. काम झालं की ग्राहक मनापासून आभार मानतो, फोनवर भरभरून बोलतो. मग आपण म्हणतो, “दोन ओळींचा अभिप्राय द्याल का?” तो लगेच “हो, नक्की देतो” म्हणतो आणि त्यानंतर एकतर काहीच येत नाही, नाहीतर येतं ते असं: “खूप छान सर्व्हिस. वेळेत काम. धन्यवाद.” आपण ते रंगीत चौकटीत घालून पोस्ट करतो. ओळखीचे चार लोक अंगठा देतात आणि नवीन माणूस पुढे सरकतो.

यावर बहुतेक जण दोनच उपाय करून बघतात. एक म्हणजे आणखी आठवणी करत राहायचं, दुसरा म्हणजे डिझाइन बदलायचं. दोन्हींनी फरक पडत नाही, कारण बिघाड त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. आपण ग्राहकाला लेखन करायला सांगतो आणि तेही मत लिहायला. मत मागितलं की माणूस विशेषणं देतो. शाळेत निबंध लिहिल्यासारखं सभ्य, गुळगुळीत काहीतरी लिहितो, किंवा काय लिहावं ते न सुचल्यामुळे उद्यावर टाकतो. त्याच माणसाला “तेव्हा नेमकं काय झालं होतं?” असं विचारा, तो दहा मिनिटं बोलेल. मागायची असते ती आठवण. लिहायचं काम आपलं.

आधी खात्री करा की बिघाड हाच आहे

तुमच्याकडे आतापर्यंत आलेले अभिप्राय एकाखाली एक ठेवा आणि प्रत्येकातून व्यवसायाचं नाव काढून टाका. आता तिथे पूर्ण वेगळा व्यवसाय घालून वाचा. लॅपटॉप दुरुस्तीच्या जागी शिवणकाम, शिवणकामाच्या जागी योगवर्ग. वाक्य जसंच्या तसं चाललं, तर त्या अभिप्रायात नवीन ग्राहकाला धरायला काहीच नाही. “वेळेत काम, उत्तम दर्जा, नम्र वागणूक” हे तिन्ही शब्द कुठेही बसतात.

दुसरी खूण म्हणजे होकारानंतरची शांतता. “देतो” म्हणून गप्प झालेल्या ग्राहकांना आपण विसराळू समजतो. बऱ्याचदा त्यांनी खिडकी उघडलेली असते, “काय लिहू?” असा विचार केलेला असतो आणि बंद केलेली असते. त्यांना पुन्हा तीच विनंती पाठवली, तर ते पुन्हा त्याच जागी अडणार.

तिसरी खूण थोडी फसवी आहे. अभिप्राय लांब आहे, प्रेमाने लिहिलेला आहे, पण सगळा तुमच्या स्वभावाबद्दल आहे. वाचून तुम्हाला बरं वाटतं, पण पैसे द्यायच्या आधी घुटमळणाऱ्या माणसाच्या मनात वेगळेच प्रश्न असतात: माझं सामान नीट राहील का? मध्येच खर्च वाढवतील का? मला यातलं काही कळत नाही, मला फसवतील का? यातल्या एकाही प्रश्नाला तो अभिप्राय हात लावत नाही.

कधी विचारायचं

बिल देताना विचारू नका. त्या क्षणी ग्राहकाचं लक्ष पैशाकडे असतं, आणि समोर उभं राहून मागितलेला अभिप्राय त्याला टाळताही येत नाही. शिवाय त्याने तोवर तुमचं काम वापरून पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे सांगण्यासारखी आठवणच तयार झालेली नसते.

योग्य वेळ म्हणजे कामाचा परिणाम त्याला पहिल्यांदा जाणवला, त्यानंतरची. दुरुस्तीच्या कामात ती साधारण आठवड्याभराने येते, कारण यंत्र पुन्हा बंद पडलं नाही याची त्याला तोवर खात्री पटते. शिकवणीत ती पहिल्या परीक्षेनंतर येते. घराच्या आतल्या सजावटीत राहायला गेल्यावर थोड्या आठवड्यांनी, जेव्हा कपाटं रोजच्या वापरात येतात. प्रत्येक व्यवसायाने आपली ही वेळ एकदा बसून ठरवावी आणि काम पूर्ण झाल्याच्या नोंदीशेजारी ती तारीख लिहून ठेवावी. नाहीतर आठवण होईल तेव्हा विचारलं जातं आणि आठवण नेमकी मंदीच्या दिवसांत होते.

याहून चांगली एक वेळ असते, पण ती आपल्या हातात नसते. ग्राहक आपणहून काही बोलतो तेव्हाची. “अहो, मशीन अगदी पहिल्यासारखं चालतंय!” असा मेसेज आला की आपण हात जोडलेली खूण पाठवून मोकळे होतो. तिथेच थांबायला नको. त्याच संभाषणात, त्याच दिवशी पुढचा प्रश्न विचारायचा. आठवण ताजी असते आणि विषय त्यानेच काढलेला असतो, त्यामुळे कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

काय विचारायचं

“अभिप्राय द्या” हे शब्दच टाळा. मी सुचवतो तो मेसेज साधारण असा असतो:

“ताई, लॅपटॉप नीट चालतोय ना? तुमच्यासारखीच अडचण घेऊन येणाऱ्यांना काय वाटत असतं हे मला समजून घ्यायचंय. दोन-तीन प्रश्न विचारले तर चालतील का? लिहायची गरज नाही, सवडीने बोलून पाठवलंत तरी पुरे. आवडलं तर त्यातलं थोडं पोस्टमध्ये वापरेन, पण आधी तुम्हाला दाखवून.”

या मेसेजमधल्या तीन गोष्टींमुळे उत्तर येण्याची शक्यता वाढते. लिहिण्याचं ओझं काढलंय. काम किती आहे ते आधीच सांगितलंय. आणि पोस्टचा उल्लेख लपवलेला नाही. “सहज विचारतोय” म्हणून माहिती काढायची आणि मग ती छापायची, हे केलं तर ग्राहक एकदाच फसतो आणि कायमचा जातो.

होकार आला की प्रश्न एकेक करून पाठवा. पाच प्रश्नांची यादी एकदम पाठवली की ती फॉर्मसारखी दिसते आणि उत्तरंही फॉर्मसारखीच तुटक येतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न तीन.

पहिला, “आमच्याकडे येण्याआधी काय चाललं होतं?” यातून अडचण ग्राहकाच्या शब्दांत मिळते. तुम्ही जिला ‘पॉवर सप्लायची समस्या’ म्हणता तिला तो “बटण दाबलं तरी दिवाच लागेना” म्हणतो, आणि नवीन ग्राहकही तेच म्हणत असतो.

दुसरा, “येताना मनात कसली शंका होती?” तिन्हींतला सगळ्यात मोलाचा हाच, आणि बहुतेक जण तो विचारायला कचरतात. वाटतं, शंका विचारली तर उगाच नकारात्मक काही निघेल. पण जी शंका या ग्राहकाला होती तीच पुढच्याला अडवून ठेवते. ती बोलून दाखवलेली नसेल, तर तिचं उत्तरही कुठे दिसत नाही. इथे एक पथ्य पाळा. ग्राहक सुरुवातीला म्हणेल, “छे, शंका कसली, तुमच्यावर विश्वास होताच.” ते सौजन्य असतं. तेव्हा “तरी पहिल्यांदा फोन केलात तेव्हा काय विचार होता?” एवढं म्हणा आणि गप्प बसा. स्वतःच शंका सुचवू नका. “पैसे जास्त लागतील असं वाटलं होतं का?” असं विचारलं की तो “हो” म्हणेल, पण ते उत्तर तुमचं असेल.

तिसरा, “आता निश्चिंत व्हायला हरकत नाही, असं नेमकं कधी वाटलं?” याचं उत्तर जवळजवळ नेहमी एखादी छोटी कृती असते आणि ती बहुधा तुम्हाला आठवतही नसते. तुम्ही आधी फोन केलात, जुना सुटा भाग परत दिलात, न समजलेली गोष्ट कागदावर काढून दाखवलीत. विश्वास तिथे बसलेला असतो.

“तुम्हाला आमचं काम आवडलं ना?” हा प्रश्न मात्र कधीच नको. त्याला एकच सभ्य उत्तर आहे.

एक उदाहरण पूर्ण उलगडून

लॅपटॉप दुरुस्त करणारे एक गृहस्थ घेऊ. त्यांच्याकडे आलेल्या एका ताईंचा अभिप्राय होता: “खूप छान सर्व्हिस, रास्त दर, नक्की जा.” ताई खरोखर समाधानी होत्या, पण वर सांगितलेली नाव बदलण्याची चाचणी लावली तर हे वाक्य कुठेही चालेल. आठवड्याने त्या गृहस्थांनी ताईंना वरच्यासारखा मेसेज पाठवला. ताईंनी बोलून पाठवलेलं उत्तर थोडक्यात असं होतं:

“अं… काय झालं होतं दादा, बटण दाबलं तरी दिवाच लागेना. आधी एका ठिकाणी दाखवला, तर ते म्हणाले मदरबोर्ड गेलाय, आता नवाच घ्या. मला नव्याचं एवढं नव्हतं, पण आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो, दुसरीकडे कुठेच नव्हते ते. आणि ऑफिसच्या पण काही फायली होत्या, त्या खरं तर घरच्या लॅपटॉपवर ठेवायला नको होत्या. तर तुमच्याकडे आले तेव्हा हीच भीती की उघडाउघडीत फोटो जातील. मग तुम्ही काय केलंत, आधी ती डिस्क काढून फोटो दुसरीकडे उतरवून घेतलेत आणि मला उघडून दाखवलेत, आणि मग म्हणालात आता दुरुस्तीला हात लावतो. तिथे मला हायसं वाटलं. नंतर कळलं चार्जिंगचा जॅकच निघाला होता, मदरबोर्ड वगैरे ठीकच होता. एक दिवस उशीर झाला, तो जॅक वेळेत आला नाही म्हणून, पण तुम्ही सकाळीच फोन करून सांगितलंत. आता चालतोय मस्त.”

हे वाचलं की लगेच मोह होतो तो मदरबोर्डच्या मुद्द्यावर पोस्ट करायचा: ‘दुसऱ्यांनी मदरबोर्ड गेला सांगितलं, आम्ही फक्त जॅक बदलला!’ मी तो मुद्दा बाजूला ठेवायला सांगेन. एक तर त्यात दुसऱ्या व्यावसायिकावर बोट आहे, आणि त्याने लॅपटॉप पाहिला तेव्हाची परिस्थिती आपल्याला माहीत नाही. दुसरं, वाचणाऱ्याचा लॅपटॉप खरोखर मदरबोर्डमुळे बंद असेल, तर आपण त्याला खोटी आशा लावून बोलावतो. या उत्तराचा गाभा फोटोंची भीती हा आहे. दुरुस्तीला लॅपटॉप देताना जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ती असते.

म्हणून नियम असा ठेवा की एका पोस्टमध्ये एकच शंका. बाकीचा माल चांगला असला तरी दुसऱ्या पोस्टसाठी राखून ठेवा. उशिराबद्दलचा फोन हा वेगळ्या पोस्टचा मुख्य विषय होऊ शकतो, इथे त्याचं एक वाक्य पुरे.

आता ऑफिसच्या फायली. ताईंनी त्या विश्वासाने, बोलण्याच्या ओघात सांगितल्या. त्या पोस्टमध्ये आल्या तर त्यांना नोकरीत त्रास होऊ शकतो. त्या गाळायच्या, ताईंनी न सांगताही. ग्राहक मसुदा बघून ‘चालेल’ म्हणेलही, कारण घाईत त्याच्या लक्षात येणार नाही. असं काही दिसलं की ते पहिल्याच कच्च्या मसुद्यातून काढून टाकायची जबाबदारी आपली आहे.

उरलेल्यातून तयार झालेली पोस्ट अशी:

“मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्या लॅपटॉपमध्ये होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. उघडाउघडीत ते जातील हीच भीती होती. त्यांनी आधी डिस्क काढून फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, मला उघडून दाखवले आणि मगच दुरुस्तीला हात लावला. तिथे मला हायसं वाटलं. एक दिवस उशीर झाला, पण सकाळीच फोन करून सांगितलं.”
— एक ग्राहक, लॅपटॉप सुरू होत नव्हता

त्याखाली दुरुस्ती करणाऱ्याची स्वतःची ओळ: “डिस्क वाचता येत असेल, तर आम्ही आधी डेटाची प्रत काढतो. डिस्कच खराब असेल, तर काय वाचेल आणि काय नाही हे काम सुरू करण्याआधी सांगतो.”

पोस्टचा मजकूर पन्नासेक शब्दांचा आहे. सुरुवात ‘आमच्या समाधानी ग्राहकांचे मनोगत’ अशी नाही, कारण फोनवर पोस्टच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि त्या आपल्या कौतुकाच्या घोषणेत घालवल्या, तर फोटोंच्या भीतीपर्यंत कुणी पोहोचत नाही. उशिराचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. ते काढलं तर पोस्ट जास्त चकचकीत होईल, पण वाचणाऱ्याला हे माणसाचं बोलणं आहे अशी जी खात्री पटते ती याच वाक्याने. आणि खालची मालकाची ओळ मर्यादा सांगते. तिच्याशिवाय ही पोस्ट ‘तुमचा डेटा वाचेलच’ असं वचन होऊन बसते, जे कुठलाही दुरुस्ती करणारा देऊ शकत नाही.

काय बदलायचं, काय नाही

‘अं’, ‘तर’, ‘वगैरे’ काढायला हरकत नाही. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एकदा ठेवावी. ‘तुम्ही’चं ‘त्यांनी’ करावं लागतं, ते केलंय. लांब वाक्य तोडता येतं. घटनेचा क्रम मात्र बदलू नका. डिस्क आधी, दुरुस्ती नंतर, या क्रमातच त्या पोस्टचा सगळा अर्थ आहे.

विशेषण आपल्या पदरचं घालायचं नाही. ग्राहक ‘बरं झालं’ म्हणाला तर ‘अप्रतिम’ लिहायचं नाही. ‘बहुतेक’, ‘थोडाफार’, ‘माझ्या बाबतीत तरी’ हे शब्द ग्राहकाने वापरले असतील तर ते राहू द्यायचे. तेच शब्द गाळल्याने वाक्याचा अर्थ फिरतो, आणि बोलणाऱ्याला स्वतःचं वाक्य परकं वाटतं. प्रमाण भाषेत घासूनपुसूनही घेऊ नका. “हायसं वाटलं” याच्या जागी “समाधान लाभले” केलं की ताई त्यातून निघून जातात.

परवानगी: इथे सगळ्यात जास्त गडबड होते

प्रश्नांना उत्तर दिलं म्हणजे छापायची परवानगी दिली असं होत नाही. तयार मसुदा, जसा दिसणार तसाच, ग्राहकाला पाठवा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: शब्द बरोबर आहेत का, नाव कसं टाकू (पूर्ण, फक्त पहिलं, की नावाशिवाय), आणि कुठे कुठे टाकलं तर चालेल. फोटो हवा असेल तर तो चौथा, स्वतंत्र प्रश्न. प्रोफाइलवरचा फोटो परस्पर उचलायचा नाही. ‘चालेल’ हे उत्तर लेखी असू द्या आणि जपून ठेवा. पुढे कधी ग्राहकाने काढायला सांगितलं तर कारण न विचारता काढा.

मसुदा दाखवल्यावर ग्राहक तो ‘सुधारून’ पाठवतो, असंही होतं. फोटोंची गोष्ट काढून “अतिशय विश्वासू सेवा” लिहितो. त्याला वाटतं आपण मदत करतोय. अशा वेळी एकदा प्रेमाने सांगावं, “तुम्ही बोललात तेच शब्द लोकांना जास्त पटतील, ते ठेवले तर चालेल का?” तरी नाही म्हणाला तर त्याचंच ऐकायचं. शब्द त्याचे आहेत.

मेसेजचा स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांनी विशेष जपावं. त्यात नंबर, प्रोफाइल फोटो, वरखालचे दुसरे मेसेज, कधी पत्ता किंवा बिलाची रक्कमही असते. हलक्या रंगाच्या ब्रशने खोडलेला नंबर उजेड वाढवला की वाचता येतो. त्यामुळे गडद, अपारदर्शक चौकट टाका किंवा तो भाग कापूनच टाका. आरोग्य, कायदा, पैसा, कौटुंबिक सल्ला अशा क्षेत्रांत स्क्रीनशॉट टाळलेलाच बरा. तिथे अमुक माणूस तुमचा ग्राहक आहे ही गोष्टच खासगी असते, आणि काही व्यवसायांच्या आचारसंहितेत असे अभिप्राय छापण्यावर बंधनंही असतात. ती आधी पाहून घ्या.

पोस्टसाठीचा अभिप्राय आणि गूगलवरचा रिव्ह्यू या दोन गोष्टी आहेत

वर सांगितलेली पद्धत तुमच्या स्वतःच्या पोस्टसाठी आहे. तिथे कुणाला विचारायचं ते तुम्ही निवडता आणि तुम्ही निवडलंय हे वाचणाऱ्यालाही कळतं. सार्वजनिक रिव्ह्यूच्या जागी हीच रीत लावली की अडचण होते. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट किंवा पैसे देणं गूगलच्या धोरणात बसत नाही. फक्त खूश ग्राहकांनाच रिव्ह्यूची लिंक पाठवणं आणि नाराजांना वेगळ्या फॉर्मकडे वळवणं, हेही बसत नाही. येल्प ही व्यवसायांच्या रिव्ह्यूंची अमेरिकी साइट तर व्यावसायिकांना रिव्ह्यू मागूच नका असं सांगते. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यावर आयएसओ २०४८८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही 2018 साली आलं.

व्यवहारात याचा अर्थ असा: गूगलची लिंक पाठवायची असेल तर सगळ्या ग्राहकांना सारख्याच शब्दांत पाठवा. काय लिहायचं ते सुचवू नका आणि ग्राहकाने बोलून पाठवलेलं स्वतः टाइप करून दुसऱ्या खात्यावरून टाकू नका, त्याने परवानगी दिली असली तरीही.

स्वतःच्या पोस्टमध्येही, ग्राहकाला काही मोफत दिलं असेल किंवा तो नात्यातला असेल, तर ते तिथेच लिहा. “हे माझे मामा आहेत” असं लिहिल्याने पोस्टची धार थोडी कमी होते. न लिहिता ते नंतर कुणाला कळलं, तर आधीच्या सगळ्या पोस्ट संशयात जातात.

तरीही उत्तर आलं नाही तर

एकच आठवण करा, चार-पाच दिवसांनी, आणि ती आधीपेक्षा लहान असू द्या. तिन्ही प्रश्न सोडून फक्त दुसरा विचारा: “ताई, एकच विचारायचं होतं. लॅपटॉप आणून दिलात तेव्हा सगळ्यात जास्त काळजी कशाची होती?” यावर बरेचदा एका ओळीचं उत्तर येतं आणि ती एक ओळ कधी कधी अख्ख्या पोस्टला पुरते. यावरही काही आलं नाही तर विषय सोडा. तिसऱ्यांदा विचारलं की तो माणूस पुढच्या वेळी काम घेऊन यायलाही संकोचतो.

काही जण लिहिण्याबोलण्यापेक्षा फोनवर मोकळे होतात. फोनवर विचारणार असाल तर “लिहून घेतलं तर चालेल ना?” असं सुरुवातीलाच विचारा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. फोन ठेवल्यावर लगेच, त्याच शब्दांत उतरवून काढा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर तुमच्या आठवणीत त्याचे शब्द जाऊन तुमचे शब्द येतात.

अभिप्राय चांगले आहेत, पोस्टही नीट आहेत, तरी उपयोग दिसत नाही

अशा वेळी पाच रकान्यांची साधी वही करा: शंका, ग्राहकाचं वाक्य, परवानगी कशाची, तारीख, कुठे टाकलं. मग गेल्या महिन्यात चौकशी करून परत न आलेल्या लोकांनी काय काय विचारलं होतं ते आठवून शेजारी लिहा. अनेकदा दिसतं की पोस्ट सगळ्या एकाच शंकेवर आहेत आणि लोक विचारतात ते दुसरंच. त्या दुरुस्तीवाल्यांकडे डेटाच्या भीतीवर भरपूर मजकूर जमला होता. चौकशी करणारे मात्र सारखं एकच विचारत: “उघडल्यावर खर्च वाढला तर?” या शंकेसमोरचा रकाना रिकामा होता. तो भरायला ज्यांच्या कामात खर्च खरोखर बदलला होता अशाच ग्राहकांकडे जावं लागतं, आणि त्यांचं उत्तर असं असू शकतं: “सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त लागले, पण जास्त लागणार हे उघडल्यावर लगेच कळवलं आणि मी हो म्हटल्यावरच पुढे गेले.” हे वाक्य छापायला धाडस लागतं, पण खर्चाच्या शंकेवर याहून चांगलं उत्तर मिळणं अवघड आहे.

उपयोग होतोय का हे लाइक्सवरून कळत नाही. चौकशीच्या बोलण्यातून कळतं. “तुम्ही म्हणे आधी फोटो उतरवून घेता?” असं कुणी विचारलं की ती पोस्ट पोहोचली. एखादा प्रश्न लोकांनी विचारायचाच बंद केला, तर तीही खूण. म्हणून फोनवर येणारे प्रश्न दर महिन्याला लिहून ठेवत जा.

जुन्या पोस्टकडेही वर्षातून एकदा बघा. काम करण्याची पद्धत बदलली असेल, आता डेटाची प्रत काढायला वेगळे पैसे घेत असाल, तर त्या ताईंची पोस्ट खरी असूनही आज चुकीची माहिती देते. ती काढा किंवा त्याखाली बदल लिहा.

आणि एक शक्यता धरून चाला. शंकेचा प्रश्न विचारल्यावर कधी कधी तक्रार बाहेर येते. “खरं सांगू का, पंखा अजून आवाज करतो, पण म्हटलं कशाला बोलायचं.” त्या क्षणी अभिप्रायाचा विषय पूर्ण बंद करा. “बरं झालं सांगितलंत, उद्या आणून देता का?” एवढंच म्हणा, काम नीट करून द्या आणि त्या माणसाकडे पुन्हा पोस्टसाठी काही मागू नका. महिन्याभराने तो आपणहून काही बोलला, तर तेव्हा बघता येईल.